एम. एच. ३८ : पाटीवरची पत्रिका

श्रावणी सोमवारी औंढा नागनाथच्या देवळासमोर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींच्या पाट्या वाचाव्यात, हा आमचा जुना छंद आहे. दर्शनाची रांग हलत नाही, ऊन डोक्यावर आलेले असते, आणि वेळ घालवायला पाट्यांसारखे दुसरे वाचन नाही. परभणीची गाडी कोणती, नांदेडची कोणती, पलीकडच्या तेलंगणातून आलेली कोणती, हे मालकाला न विचारता सांगता येते. गेल्या खेपेला मात्र आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्क शेतकरी गृहस्थांनी आम्हाला कोड्यात टाकले. समोर एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली. तिच्या पाटीवर आधी आकडे होते, मग बी. एच. ही दोन अक्षरे.

"बिहारची दिसते हो! केवढ्या लांबून आले बिचारे दर्शनाला," ते म्हणाले.

मोटारीतून उतरलेली मंडळी आपसांत हिंदीत बोलत होती, तेव्हा त्यांचा समज पक्का झाला. पण बिहारची खूण बी. आर. अशी आहे. बी. एच. म्हणजे बिहार नव्हे, भारत! ती गाडी कोणत्याच एका राज्याची नव्हती. आजोबांना हे पटेना. "राज्याविना गाडी कशी असेल? तिचा कर कोण घेतं मग?" त्यांनी विचारले. प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा होता. रांग पुढे सरकेपर्यंत आम्ही त्यांना जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे थोडे सविस्तर मांडतो.

पाटी कशी वाचावी?

प्रथम आपली घरची पाटी घेऊ. एम. एच. ३८, पुढे एकदोन अक्षरे आणि शेवटी चार आकडे. पहिली दोन अक्षरे राज्याची. ही पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, तेव्हापासूनची आहे. त्यानंतरचे दोन आकडे नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचे, म्हणजे ज्याला आपण सगळे आर. टी. ओ. म्हणतो त्याचे. ३८ म्हणजे हिंगोली.

हे आकडे कोणी डोळे मिटून वाटलेले नाहीत. मुंबईच्या ताडदेवला ०१ देऊन सुरुवात झाली, आणि ठाणे, रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असे कोकण उतरत आकडा ०८ वर आला. मग घाट चढून कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. पुढे नाशिक १५ आणि जळगाव १९. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, २० देऊन मराठवाडा सुरू होतो तो नांदेडच्या २६ वर संपतो. २७ ला अमरावती आली की आपण वऱ्हाडात शिरलो. शाळेतल्या भूगोलाच्या गुरुजींनी नकाशावर पट्टी फिरवावी, तसा हा क्रम आहे.

मग मराठवाड्यातली हिंगोली वऱ्हाडाच्याही पुढे ३८ वर कशी जाऊन बसली? याचे उत्तर इतिहासात आहे. हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. घरात उशिरा जन्मलेल्या मुलाला पंगतीत शेवटचे पान मिळावे, तसा त्याला यादीतला पुढचा आकडा मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी अकोल्यातून निघालेल्या वाशीमला ३७ मिळालेला होता. म्हणून वसमत किंवा कळमनुरीत एखादी फार जुनी, एम. एच. २२ ची मोटारसायकल दिसली, तर ती परगावची समजू नये. तिची नोंद झाली तेव्हा हिंगोली परभणीतच होती.

आकड्यांनंतरची अक्षरे म्हणजे मालिका. एका मालिकेत १ पासून ९९९९ पर्यंत क्रमांक असतात. ते संपले की पुढचे अक्षर लागते, आणि एकेरी अक्षरे संपली की जोडअक्षरे येतात. त्यांत आय आणि ओ ही इंग्रजी अक्षरे वगळतात, कारण लांबून पाहताना ती एक आणि शून्य यांसारखी दिसतात. मालिकेवरून गाडीच्या वयाचा अंदाज येतो. अक्षर जितके पुढचे, तितकी गाडी नवी. मात्र दुचाकी, चारचाकी आणि भाड्याची वाहने यांच्या मालिका वेगवेगळ्या चालतात, तेव्हा स्कूटरच्या अक्षरावरून मोटारीचे वय काढू नये.

एवढे सगळे सांगूनही पाटी एक गोष्ट कधीच सांगत नाही, ती म्हणजे मालक आज कोठे राहतो. एम. एच. ३८ चा अर्थ एवढाच की गाडीची नोंद हिंगोलीत झाली. ती आज पुण्यात हिंजवडीला उभी असेल. आणि तसे असण्यात काही गैर नाही! हिंगोलीचा माणूस पुण्याला कायमचा गेला, तर त्याने तीस दिवसांच्या आत नव्या पत्त्याची वर्दी द्यावी, एवढेच कायदा मागतो. राज्य तेच, कर भरलेला तोच, पाटीही तीच. पुष्कळ लोक पुण्यात एम. एच. १२ ची पाटी हवी म्हणून उगाच हेलपाटे घालतात. ती हौस झाली, गरज नव्हे.

हौसेवरून आठवले. ४१४१ हा क्रमांक मोडीच्या वळणाने लिहून त्याचे 'दादा' करणे आणि २१४ चे 'राम' करणे हा आपल्याकडचा फार आवडता उद्योग आहे. नियम सांगतो की अक्षरे इंग्रजी आणि आकडे साधे, सरळ असावेत. दादांना दंड होतो, आणि रामही त्यातून सुटत नाही.

हद्द ओलांडली की

खरी अडचण राज्याची हद्द ओलांडल्यावर सुरू होते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तिला तेथला नवा क्रमांक घेतलाच पाहिजे, असे कायद्याचे सत्तेचाळिसावे कलम सांगते. वाचायला हे एका ओळीचे आहे. प्रत्यक्षात काय घडते, ते आमच्या एका स्नेह्यांच्या गोष्टीवरून कळेल.

हे गृहस्थ एका सरकारी बँकेत अधिकारी. २०१८ च्या जानेवारीत, हिंगोलीत असताना, त्यांनी आठ लाखांची पेट्रोलची मोटार घेतली. महाराष्ट्रात अशा मोटारीला दहा लाखांपर्यंत शेकडा ११ या दराने एकरकमी कर पडतो. म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार रुपये गाडी दारात येण्याआधीच गेले. हा कर पंधरा वर्षांचा असतो, ही त्यातली मेख. दीड वर्षाने त्यांची बदली हैदराबादला झाली.

आता पायऱ्या मोजा. मोटार कर्जावर होती, म्हणून आधी कर्ज देणाऱ्या बँकेची संमती. हे स्वतः बँकेतले, तरी कर्ज दुसऱ्या बँकेचे होते. मग गाडीवर कोठे गुन्हा नाही, याचा पोलिसी दाखला. मग अठ्ठाविसाव्या नमुन्यातला अर्ज भरून मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र. ते हातात पडले की हैदराबादच्या कार्यालयात सत्ताविसाव्या नमुन्यातला अर्ज, गाडीची तपासणी, आणि त्या राज्याच्या तक्त्याप्रमाणे गाडीचे वय धरून तेथला कर. हा कर नव्याने आणि रोख! त्यानंतर नवा क्रमांक, नव्या पाट्या, विम्याच्या कागदावर दुरुस्ती. हे सगळे झाल्यावर, तेथली नोंद झाल्याचा पुरावा जोडून, महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांच्या कराच्या परताव्याचा अर्ज.

"परतावा मिळाला का?" आम्ही विचारले.

"मिळाला ना," वहिनीच आतून म्हणाल्या, "पण तोवर यांची पुन्हा इकडे बदली झाली होती."

२०२२ मध्ये ते परत मराठवाड्यात आले, आणि तीच वरात उलट दिशेने निघाली. मधल्या काळात एकाच गाडीचा कर दोन राज्यांत अडकला होता. पैसा बुडाला नाही, पण महिनोन्महिने गुंतून पडला. नोकरदार माणसाला गुंतलेला पैसा आणि बुडालेला पैसा यांतला फरक फारसा जाणवत नाही.

म्हणून बहुतेक लोक काय करतात? काहीच करत नाहीत. बारा महिने उलटतात, पाटी जुनीच राहते, आणि प्रत्येक नाक्यावरचा हवालदार लांबून परकी पाटी ओळखून गाडी बाजूला घेतो. बदलीच्या नोकरीतला माणूस असा वर्षानुवर्षे मनात धास्ती बाळगून गाडी चालवतो.

भारत मालिका

या दुखण्यावर केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०२१ रोजी एक नियम काढला, आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू झाला. तीच ही बी. एच. म्हणजे भारत मालिका. तिची पाटी उलट्या क्रमाने वाचायची. पहिले दोन आकडे पहिल्या नोंदणीच्या वर्षाचे. मग बी. एच. मग चार आकडे, आणि शेवटी एक किंवा दोन अक्षरे. पाटी पांढरी, अक्षरे काळी. २२ ने सुरू होणारी गाडी २०२२ साली प्रथम नोंदली गेली, एवढे ती पाटी उघड सांगते. लष्कराच्या गाड्यांच्या पाटीवर बाणाच्या खुणेनंतर वर्ष असते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. क्रमांक संगणक स्वतः काढून देतो, तेव्हा येथे दादा आणि राम यांना वाव नाही.

या गाडीला राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही. ना-हरकत नको, सत्ताविसावा नमुना नको, परतावाही नको. परतावा नको, कारण कर पंधरा वर्षांचा एकदम घेतलाच जात नाही. तो दोन वर्षांचा, किंवा दोनच्या पटीत घेतला जातो. त्या वेळी गाडी ज्या राज्यात असेल, त्या राज्याला तो मिळतो. औंढ्याच्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. गाडीला राज्य नाही असे नव्हे, दर दोन वर्षांनी तिचे राज्य बदलू शकते.

कराचा दर दहा लाखांच्या आतील गाडीला शेकडा ८, दहा ते वीस लाखांना १० आणि त्यावर १२. डिझेलला दोन टक्के जादा, विजेच्या गाडीला दोन टक्के कमी. चौदा वर्षांनंतर कर दरसाल भरायचा, आणि तो आधीच्या रकमेच्या निम्मा. आमच्या स्नेह्यांच्या आठ लाखांच्या मोटारीसाठी दोन वर्षांचा हप्ता हिशेबाच्या सोयीसाठी दहा हजार धरा. नेमका आकडा संगणक काढून देतो. जेथे अठ्ठ्याऐंशी हजार एकदम मोजले, तेथे पहिल्या दिवशी दहा हजार मोजून भागले असते, आणि हैदराबादला गेल्यावर पुढचा हप्ता तेथे भरला असता. बस्स!

कोणाला, आणि कोणाला नाही

मात्र ही सोय सर्वांना नाही. सैन्यदलातले लोक, केंद्र व राज्य सरकारचे नोकर, सरकारी कंपन्या व बँका यांचे नोकर, आणि चार किंवा अधिक राज्यांत अथवा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर, एवढ्यांनाच ती आहे. सरकारी माणसाने आपले ओळखपत्र दाखवायचे. खाजगी नोकराने कंपनीकडून साठाव्या नमुन्यातला दाखला आणायचा. अर्ज गाडी विकणारा दुकानदारच संगणकावरून करतो. गाडी मात्र स्वतःच्या वापराची हवी. भाड्याच्या गाडीला ही मालिका नाही. आधी नेहमीच्या पद्धतीने नोंदलेली गाडी या मालिकेत आणण्याची मुभा २०२२ च्या डिसेंबरमध्ये मिळाली.

आता आपल्या जिल्ह्यातली माणसे डोळ्यांसमोर आणा. सेनगावकडचा जवान आज जम्मूला, दोन वर्षांनी आसामला. त्याच्यासाठी ही मालिका जणू मापे घेऊनच शिवलेली आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहत आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्राला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. या कामात अणुऊर्जा विभागाची इंदूरची प्रयोगशाळा आहे. तेथला शास्त्रज्ञ चार वर्षे दुधाळ्याला राहून पुन्हा मध्य प्रदेशात परतला, तर त्याच्या गाडीच्या पाटीला हात लावावा लागणार नाही. देवळासमोरच्या त्या मोटारीतली मंडळी कोण होती ते आम्ही विचारले नाही. पण अशा पाट्या औंढ्याच्या रस्त्यावर पुढे वाढतील, यात शंका नाही.

याउलट हिंगोलीच्या राज्य राखीव दलातला शिपाई किंवा जिल्हा कार्यालयातला कारकून पाहा. नियमाने तो पात्र आहे. पण त्याची बदली होऊन होऊन कोठे होणार? नांदेडला, लातूरला, फार तर मुंबईला. हद्द तो ओलांडणारच नाही, तेव्हा ज्या कटकटीवर हा उपाय आहे ती त्याला मुळातच नाही. तरीही पुष्कळ जण ही पाटी घेतात, कारण पहिल्या दिवशी खिशातून कमी जाते. मोह समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत पुढे पाहू.

आणि जे सर्वांत अधिक हिंडतात, ते या यादीत नाहीतच. मराठवाड्यातून दर हंगामाला ऊस तोडायला कर्नाटकात जाणारी कुटुंबे, सुरतेला किंवा हैदराबादला छोटा धंदा थाटणारा तरुण, एकाच राज्यात कार्यालय असलेल्या लहान कंपनीने दोन वर्षांसाठी परराज्यात धाडलेला यंत्र जोडणारा कारागीर! ऊसतोडीचे लोक हंगाम संपला की परततात, म्हणून बारा महिन्यांचा नियम त्यांना लागत नाही. पण त्या कारागिराला आमच्या स्नेह्यांच्याच पायऱ्या चढाव्या लागतात. त्याच्या कंपनीला चौथे राज्य नाही, एवढाच त्याचा अपराध.

खाचखळगे

ही पाटी घेणाऱ्याने तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात.

पहिली म्हणजे तारीख. दोन वर्षांची मुदत संपल्यावर सात दिवसांत कर भरला नाही, तर पुढे दररोज शंभर रुपये दंड चढतो. माणूस पहिल्या दिवशी स्वस्तात सुटल्याच्या आनंदात तारीख विसरतो, आणि वर्ष उलटले की दंडच छत्तीस हजारांच्या घरात जातो. दहा हजारांच्या हप्त्यावर छत्तीस हजारांचा दंड! लग्नाचा वाढदिवस एक वेळ विसरला तरी चालेल, ही तारीख विसरू नये. ती कॅलेंडरवर लिहावी, आणि दोन वर्षांनंतरचे कॅलेंडर घरात नसते म्हणून नोंदणीपुस्तकाच्या पाकिटावरही लिहावी. वरच्या कारकुनाचा मोह येथे महाग पडतो.

दुसरी म्हणजे विक्री. भारत मालिकेची गाडी कोणालाही विकता येते, हे २०२२ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले. पण घेणारा पात्र नसेल, तर त्याला ती आपल्या राज्याच्या नेहमीच्या मालिकेत नोंदवावी लागते आणि तेथला कर भरावा लागतो. तेव्हा वसमतच्या एखाद्या व्यापाऱ्याने अशी गाडी जुन्या बाजारात पसंत केली, तर सौद्याच्या किमतीत एम. एच. ३८ चा कर मिळवून मगच भाव करावा. नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेली गाडी दारात येईपर्यंत महाग होते.

तिसरी म्हणजे पारख. जुनी गाडी घेताना पाटीवरचे वर्ष, नोंदणीपुस्तकातली पहिल्या नोंदणीची तारीख आणि गाडी बनल्याचा महिना ही तिन्ही ताडून पाहावीत. नोंदणीनंतर कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी आजवर कोणी पाहिलेली नाही! पाटी २१ ची आणि गाडी २०२३ साली बनलेली असेल, तर तेथून सरळ उठावे. सरकारच्या वाहन संकेतस्थळावर क्रमांक टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख आणि कर कोठवर भरला आहे, हे घरबसल्या दिसते. कराची मुदत टळलेली दिसली, तर तिच्यावर दंडही साचला आहे, असे समजावे.

आमच्या स्नेह्यांनी यंदा नवी मोटार घेतली. या खेपेला त्यांनी बी. एच. चीच पाटी लावली. पाहायला गेलो तेव्हा वहिनींनी स्वयंपाकघराच्या दाराच्या आत खडूने लिहिलेली एक तारीख दाखवली.

"यांची बदली कुठेही होवो," त्या म्हणाल्या, "दार बरोबर नेता येत नाही, एवढीच अडचण आहे."